कठड्याच्या बुडातून दरवर्षी गळणारी गच्ची: डबा निवडण्याआधी त्यातलं रसायन ओळखा

तक्रार बहुतेक घरांत एकच असते. मृगाच्या पहिल्या एक-दोन पावसांत घर कोरडं राहतं. मग एखादी रात्रभराची झड लागते आणि सकाळी मधल्या खोलीत पंख्याच्या डब्यातून पाणी ठिबकतं. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे तपकिरी पट्टा उमटतो. घरचे लोक मिस्त्रीला बोलावतात. तो पंख्याच्या बरोबर वरच्या जागी गच्चीवर सिमेंट ओततो, वरून एक डबा मारतो, आणि पुढच्या झडीला पाणी पुन्हा तिथूनच येतं. यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांत छोटी बांधकामं आणि दुरुस्त्या करताना मी हे इतक्या घरांत पाहिलं आहे की आता पंख्याचं नाव निघालं की मी आधी कठड्याचं बूड पाहतो.

तालुक्याच्या दुकानात होणारं बोलणंही ठरलेलंच असतं.

"भाऊ, डॉक्टर द्या."

"कोनतं?"

"ते गच्चीवर मारतात ते. मागच्या साली बी मारलं होतं, तरी गयतेच."

खरी चूक इथे होते. 'डॉक्टर' म्हणजे पिडिलाइट कंपनीचा डॉ. फिक्सिट हा ब्रँड, आणि त्या एका नावाखाली एकमेकांशी काही संबंध नसलेली अनेक रसायनं विकली जातात. एक सिमेंटच्या मालात मिसळायचं, एक जुन्या काँक्रीटला नवा माल चिकटवायचं, एक उन्हात वरून मारायचं, एक फटीत भरायचं. एशियन पेंट्सचं स्मार्टकेअर असो, फॉसरॉक असो की सिका, सगळीकडे हेच आहे. म्हणून ब्रँड नंतर ठरवा. आधी दोन गोष्टी ठरवा: फट हलते की स्थिर आहे, आणि त्या जागी पाणी साचतं की वाहून जातं. या दोन उत्तरांवर रसायन ठरतं, आणि रसायनावर डबा.

पाणी पंख्यातून येतं, पण शिरतं कुठून?

आपल्याकडच्या घरांत स्लॅब आधी पडतो. कठडा नंतर, कधी महिन्याभराने तर कधी वर्षाने, विटांमध्ये बांधला जातो. दोघांच्या मधली रेघ ही कधीच एकजीव न झालेली रेघ असते. त्यात विदर्भाचं ऊन. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या साधारण एक लाखांश भागाने वाढतं. म्हणजे दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर जवळपास ३ मिलिमीटर वाढतो आणि रात्री परत आखडतो. खाली भिंतींनी धरून ठेवल्यामुळे तो तेवढा मोकळा सरकत नाही, पण ताण कुठेतरी निघतोच, आणि सगळ्यात कमजोर जागा म्हणजे हीच कठड्याच्या बुडाची रेघ. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गच्चीचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. त्या तापलेल्या स्लॅबवर वळवाची सर पडली की तो काही मिनिटांत गार होतो. ही फट वर्षभर उघडझाप करत असते.

पाणी या फटीतून आत गेलं की ते सरळ खाली पडत नाही. स्लॅबमध्ये विजेच्या तारांसाठी टाकलेले पाइप असतात. पाणी पाइपाच्या बाहेरून किंवा तुटक्या जोडातून आतून वाहत जातं आणि पहिलं उघडं तोंड मिळेल तिथे, म्हणजे पंख्याच्या किंवा दिव्याच्या डब्यात, बाहेर पडतं. त्यामुळे ठिबकण्याची जागा आणि शिरण्याची जागा यांत दहा-बारा फुटांचं अंतर सहज असतं. असं पाणी दिसलं की आधी त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करा, दुरुस्तीचा विचार नंतर.

शिरण्याची जागा शोधायला अख्खी गच्ची भरायची गरज नाही. वीस बाय तीस फुटांच्या गच्चीवर इंचभर पाणी साठवायचं तर जवळपास चौदाशे लिटर लागतं. उन्हाळ्यात एवढं पाणी कोण देणार? त्याऐवजी तुकडे पाडा. काळ्या मातीचा चिखल कालवून कठड्यापासून एक फुटावर छोटा बांध घाला. आधी बांधाच्या आतलं गच्चीचं मधलं अंग, पंख्याच्या वरचा भाग धरून, चौकोन करून भरा आणि एक दिवस-रात्र ठेवा. खाली ओल आली नाही तर तो भाग सोडा. मग कठड्यालगतची फूटभर रुंदीची पट्टी, एका वेळी एकच बाजू भरा. वीस फुटांच्या बाजूला दोन इंच पाणी ठेवायला नव्वद-शंभर लिटर पुरतं, म्हणजे पाच-सहा बादल्या. ज्या बाजूला पाणी ठेवल्यावर ओल दिसली ती बाजू दोषी. टाकीचा ओव्हरफ्लो आणि पाण्याचा पाइप जिथे स्लॅबमधून खाली उतरतो ती जागाही याच पद्धतीने वेगळी तपासा.

दारव्ह्याकडचं एक घर

हा प्रकार प्रत्यक्ष कसा दिसतो ते एका घरावरून सांगतो. वीस बाय तीस फुटांचा स्लॅब, साडेचार इंची विटांचा कठडा, पाणी जायला पश्चिमेच्या कोपऱ्यात एकच पाइप. गळती बरीच वर्षं जुनी. कठड्याच्या बुडाशी चाकूने खरवडलं तर थर निघाले: सर्वांत वर पांढरा, कागदासारखा सोलणारा रंग, त्याखाली काळं, भेगाळलेलं डांबर, त्याखाली पांढरं सिमेंट, बोटाने दाबलं की भुगा होणारं. दर दोन-तीन वर्षांनी एक इलाज झाला होता. प्रत्येक इलाजाचं रसायन त्या जागेसाठी चुकीचं होतं.

पांढरं सिमेंट मिस्त्रीने फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात कालवून भरलं होतं. आपल्याकडे हे सर्रास चालतं, कारण कालवलेला माल लगेच चिकटतो आणि हाताला पक्का लागतो. पण लाकडाचा साधा पांढरा गोंद हा पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचा असतो. तो सुकला तरी पाण्यात बराच वेळ राहिला की पुन्हा मऊ पडतो, आणि सिमेंटच्या क्षारीपणात तर आणखी बिघडतो. आत-बाहेर ओल चढणाऱ्या जागी तो टिकूच शकत नाही. शिवाय सिमेंट स्वतः ताणलं जात नाही, त्यामुळे फट केसभर उघडली तरी ते तडकतं.

डांबर रस्त्याच्या कामावरून आणलेलं होतं. ते उन्हात पातळ होऊन उतारावर सरकतं, थंडीत कडक होतं आणि थेट सूर्यप्रकाशात काही वर्षांतच भेगाळतं. डांबराचे चांगले पत्रे, म्हणजे गॅसच्या ज्योतीने चिकटवायचे मेंब्रेन, मोठ्या इमारतींवर नीट काम करतात. पण वरून संरक्षणाचा थर, सरावाचा माणूस आणि मोठं क्षेत्र लागतं. दहा-वीस फुटांच्या घरगुती कामाला ते मी सुचवत नाही. आणि एक लक्षात ठेवा, डांबरावर अ‍ॅक्रिलिक रंग धरत नाही. डांबराचं तेल वर येतं, पांढरा थर पिवळा-तपकिरी होतो आणि सुटतो. इथे तेच झालं होतं.

पांढऱ्या रंगाचं दुखणं वेगळंच. तो अ‍ॅक्रिलिकचा, गच्चीसाठीचाच होता. पण साधारण पंचावन्न चौरस मीटरच्या गच्चीवर वीस लिटरची एकच बादली मारली होती. एक लिटर एका चौरस मीटरवर पसरला की ओल्या थराची जाडी बरोबर एक मिलिमीटर होते. इथे चौरस मीटरमागे लिटरचा तिसरा हिस्साच पडला. त्यातलं पाणी उडालं की उरते ती जेमतेम दोन दशांश मिलिमीटरची फिल्म. हा रंग झाला, जलरोधक थर झाला नाही.

काय मिसळायचं, काय चिकटवायचं, काय ताणलं जातं

आता रसायनांकडे. दुकानात लेबल वाचून हे ओळखता येतं, विक्रेत्याच्या शब्दावर थांबू नका.

पहिली जात म्हणजे सिमेंटमध्ये मिसळायचे द्रव. डॉ. फिक्सिटचं एलडब्ल्यू प्लस यातलं सर्वांत ओळखीचं. ५० किलोच्या पिशवीला २०० मिलि, असं प्रमाण त्यावर असतं. याचं काम ओल्या मालात: माल मोकळा होतो, पाणी कमी लागतं, आणि सुकल्यावर माल दाट बसतो. खेड्यात मी लोकांना हेच पाण्यात कालवून जुन्या स्लॅबवर ब्रशने मारताना पाहिलं आहे. सुकलेल्या काँक्रीटवर यातून कोणताही थर तयार होत नाही, पहिल्या पावसात ते धुऊन जातं. नवीन प्लॅस्टर किंवा उताराचा माल घालताना हे द्रव घ्या. गळणारी गच्ची दुरुस्त करायला नाही.

दुसरी जात एसबीआर. स्टायरिन-ब्युटाडाइन रबराचं दुधासारखं पांढरं लॅटेक्स. पिडिक्रीट यूआरपी आणि फॉसरॉकचं नायटोबाँड एसबीआर ही ठेकेदारांच्या हातातली नावं. पांढऱ्या गोंदाच्या जागी खरं तर हेच हवं, कारण सुकल्यावर ते पुन्हा पाण्यात विरघळत नाही आणि सिमेंटच्या क्षारीपणात टिकतं. याचे दोन उपयोग आहेत. एक, जुन्या काँक्रीटवर नवा माल घालण्याआधी सिमेंटसोबत कालवून मारायची चिकट खळ. दोन, दुरुस्तीच्या मालात पाण्याबरोबर घालायचं. प्रमाण डब्यावर असतं तेच धरा. मालासाठी बहुधा सिमेंटच्या वजनाच्या दहा ते वीस टक्क्यांच्या मधे येतं.

इथे एक चूक जीवघेणी ठरते. मिस्त्री सकाळी खळ मारून चहाला जातात आणि दुपारी माल टाकतात. मधल्या वेळात उन्हाने खळ सुकलेली असते. सुकलेली खळ चिकटवत नाही, उलट दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा कागद घातल्यासारखी आड येते. खळ बोटाला लागेल इतकी ओली असतानाच माल पडला पाहिजे. मे महिन्यात म्हणून एका वेळी चार-पाच फुटांचाच पट्टा घ्यावा. सुकली असेल तर ती खरवडून पुन्हा मारा. आणि एसबीआरच्या मालाला साध्या सिमेंटसारखं आठवडाभर पाणी मारत बसू नका: एक-दोन दिवस ओलं गोणपाट, मग हवेवर सुकू द्या, कारण रबराची फिल्म पाणी उडाल्यावरच जुळते.

तिसरी जात वरून मारायच्या लवचिक थरांची. यात दोन उपप्रकार आहेत. अ‍ॅक्रिलिकचा तयार रंगासारखा थर, जसं डॉ. फिक्सिट न्यूकोट किंवा एशियन पेंट्सचं स्मार्टकेअर डॅम्प प्रूफ. दुसरा दोन भागांचा, पावडर सिमेंटची आणि द्रव अ‍ॅक्रिलिक पॉलिमरचं, जसं फॉसरॉकचं ब्रशबाँड किंवा डॉ. फिक्सिट फास्टफ्लेक्स. पहिला ऊन सहन करतो, पांढरा असल्याने स्लॅब कमी तापतो, पण साचलेल्या पाण्यात दिवसेंदिवस राहिला तर पाणी शोषून मऊ पडतो आणि फोड येतात. दुसरा पाणी जास्त सहन करतो, बाथरूमला आणि टाकीला चालतो, पण त्यावर फरशी किंवा प्लॅस्टरचं संरक्षण द्यावं लागतं. उघड्या, उतार असलेल्या गच्चीला पहिला. वरून फरशी येणार असेल तर दुसरा. फरशी बसवताना फरशीच्या गोंदाचं पोतं निवडायचं तर त्यावर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक आणि प्रकार पाहा: टाइप १ आतल्या फरशीला, उघड्या गच्चीला टाइप २ किंवा त्यावरचा. रॉफ, एमवायके लॅटिक्रीट वगैरे कंपन्यांच्या पोत्यांवर हे छापलेलं असतं. पण फरशीचा गोंद पाणी अडवत नाही, तो फक्त फरशी धरतो. गळणाऱ्या गच्चीवर नुसती फरशी बसवली तर पाणी तिच्याखाली साचून राहतं.

चौथी जात फटीत भरायच्या सीलंटची. हलणाऱ्या फटीला पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू सीलंट घ्या. सिकाफ्लेक्स हे नाव ठेकेदारांना माहीत असतं, इतरांचंही मिळतं. स्वस्तातलं सिलिकॉन, ज्याला आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो, ते काँक्रीटवर वापरू नका. त्यातून सुटणारं आम्ल सिमेंटच्या क्षाराशी भिडतं आणि चिकटण सुटते. शिवाय सिलिकॉनवर कोणताही रंग किंवा थर धरत नाही, त्यामुळे पुढचं सगळं काम वाया जातं. एम-सील ही इपॉक्सीची पुट्टी आहे. पाइपाच्या जोडाला, टाकीच्या नळाला उत्तम; पण ती दगडासारखी कडक होते म्हणून हलणाऱ्या फटीला चालत नाही.

तालुक्याला सहसा डॉ. फिक्सिट आणि एशियन पेंट्स मिळतं. फॉसरॉक, सिका हवं असेल तर नागपूर, अमरावती किंवा अकोल्यातून मागवावं लागतं. मी स्वतः एसबीआर आणि अ‍ॅक्रिलिक थर तालुक्याच्या दुकानातूनच घेतो, पीयू सीलंट मात्र शहरातून आणतो, कारण त्याची मुदत तारीख महत्त्वाची असते आणि खेड्यातल्या दुकानात ती नळी दोन उन्हाळे पडून असू शकते. घेताना नळी दाबून पाहा. कडक लागली तर आत ते धरलेलं आहे.

फट भरायची कशी

दारव्ह्याच्या घरी पाण्याच्या चाचणीत पश्चिमेची वीस फुटांची बाजू दोषी निघाली, पण कठडा चारही बाजूंना तसाच बांधलेला असल्याने काम पूर्ण शंभर फुटांचं, म्हणजे तीस मीटरचं धरलं.

आधी सगळे जुने थर काढले. छिन्नी, हातोडी आणि वायर ब्रश, दुसरा उपाय नाही. डांबराचा डाग राहिला तिथे ग्राइंडरने घासलं. मग कठडा आणि स्लॅब मिळतात त्या रेघेवर दहा मिलिमीटर रुंद, दहा मिलिमीटर खोल चर मारली आणि धूळ ब्लोअरने उडवली. चर कोरडी आहे का हे पाहायला रात्री तिच्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून ठेवला. सकाळी प्लॅस्टिकच्या आतून दव दिसलं तर आत ओल आहे, थांबा.

चरीच्या तळाला पातळ प्लॅस्टिकची पट्टी टाकली. कारण असं: सीलंट दोन्ही बाजूंना चिकटलं आणि तळ मोकळा राहिला तर फट उघडताना ते रबरासारखं मोकळं ताणलं जातं. तळालाही चिकटलं तर तीन बाजूंनी धरलं जाऊन मधून फाटतं. सहाशे मिलिची एक नळी दहा बाय दहाच्या चरीत सहा मीटर जाते. तीस मीटरला पाच, वाया जाण्यासाठी एक जास्त, अशा सहा नळ्या आणल्या. पीयू हवेतल्या ओलीने पिकतं, वरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच्या आसपास. विदर्भाच्या एप्रिलमध्ये हवाच कोरडी असते, म्हणून ते आणखी सावकाश होतं. दुसऱ्या दिवशी वरून घट्ट लागलं म्हणून मिस्त्री पुढचा थर घालायला निघतात. तसं करू नका. आम्ही पूर्ण आठवडा दिला.

मग एसबीआर घातलेल्या मालाचा तिरका गोला कठड्याच्या बुडाशी मारला, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांचा. एकास तीन माल, तीस मीटरला सिमेंटची अर्धी पिशवीही लागत नाही. या गोल्याकडून पाणी अडवण्याची अपेक्षा ठेवू नका. त्याचं काम एवढंच की काटकोन मोडावा, म्हणजे वरचा थर तिथे दुमडून चिरणार नाही आणि पाणी कोपऱ्यात रेंगाळणार नाही. उन्हात त्याला केसभर चीर पडू शकते, आणि पडली तरी चालेल, कारण पुढचा थर ती झाकतो.

पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड स्लॅबपेक्षा अर्धा इंच वर होतं. त्यामुळे कोपऱ्यात पावसानंतर दोन-तीन दिवस डबकं राहायचं. अ‍ॅक्रिलिक घालणार असाल तर हे आधी मिटलं पाहिजे. पाइप खाली घेतला आणि डबक्याच्या जागी एसबीआरचा माल घालून उतार जुळवला. शंभर फुटाला एक फूट हे प्रमाण पुरतं, म्हणजे वीस फुटांच्या गच्चीला अडीच इंचांच्या आत. अख्ख्या गच्चीवर विटांचा कोबा टाकण्याचा सल्ला मात्र धुडकावला. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं, आणि माणसं चढू शकणाऱ्या छपरासाठी आपल्या मानकात वापराचा भार चौरस मीटरला १५० किलोच धरलेला असतो. जुन्या घरकुलाच्या स्लॅबवर एवढं ओझं टाकण्याआधी इंजिनिअरला दाखवा.

ताणलं जाणारं कापड

सगळ्यात महत्त्वाची जागा आता येते. केसासारख्या चिरेवर थर नुसता मारला तर तो चिरेच्या दोन्ही कडांना चिकटतो. चीर शून्यावरून अर्धा मिलिमीटर उघडली तर त्या शून्य लांबीच्या थराने अर्धा मिलिमीटर ताणायचं म्हणजे अशक्य. कितीही चांगलं अ‍ॅक्रिलिक असो, तिथे फाटणारच. म्हणून गोल्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आणि स्लॅबच्या प्रत्येक हलत्या चिरेवर दोन इंच रुंदीची पट्टी थराला न चिकटणारी ठेवायची. रुंद प्लॅस्टिक टेप चालते. तिच्यावर मग अ‍ॅक्रिलिकचा पहिला हात, ओला असतानाच त्यात फायबर ग्लासची जाळी दाबायची, टेपच्या पलीकडे दोन्ही बाजूंना किमान तीन-चार इंच, आणि वरून दुसरा हात. आता तोच अर्धा मिलिमीटर पन्नास मिलिमीटरच्या मोकळ्या पट्टीवर वाटला जातो, म्हणजे फक्त एक टक्का ताण. रबरी थराला एवढं काहीच नाही.

जाळी कठड्यावर एक फूट वर चढवली. तिथे ती प्लॅस्टरमध्ये छोटी चर मारून त्यात अडकवली, नाहीतर पाणी थराच्या मागून उतरतं. कठड्याच्या माथ्यालाही विटांच्या जोडांतून पाणी शिरतं, म्हणून माथ्यावरून थर बाहेरच्या कडेपर्यंत नेला.

बाकी गच्चीला आधी कंपनीने सांगितल्याप्रमाणे पाणी घालून पातळ केलेला पहिला हात, मग दोन हात जाड, एक लांबीत, दुसरा आडवा. किमान चौरस मीटरला एक लिटर पडायला हवा. पंचावन्न चौरस मीटरला वीस लिटरच्या तीन बादल्या. विक्रेता म्हणतो एकात होईल, मिस्त्री म्हणतो दोनात ओढतो. बादलीवर लिहिलेलं क्षेत्र आणि आपली गच्ची, हा भागाकार स्वतः करा आणि उरलेली बादली घरमालकाच्या ताब्यात ठेवा, म्हणजे मिस्त्री जास्त पाणी घालून ओढू शकत नाही. काम सकाळी नऊच्या आत किंवा पाच नंतर. दुपारच्या तापलेल्या स्लॅबवर मारलेला हात वरून लगेच धरतो, आत पाणी अडकतं आणि पुढच्या दुपारी फोड येतात. दोन हातांमध्ये आदल्या हाताला बोट लावून काहीच निघू नये इतकं थांबा.

काम झाल्यावर काय पाहायचं

आठवड्याने पुन्हा तीच चिखलाच्या बांधाची चाचणी. पश्चिमेची पट्टी भरून एक दिवस-रात्र पाणी ठेवलं, पंख्याचा डबा कोरडा राहिला. जुने डाग मात्र लगेच जात नाहीत, स्लॅबमध्ये अडकलेलं पाणी सुकायला आठवडे लागतात. घाई करून खालून डॅम्पप्रूफ पुट्टी किंवा रंग चढवू नका. पाणी वरून शिरत असेल तर खालचा रंग त्याला स्लॅबच्या आतच कोंडतो आणि सळया गंजतात. वर्षभर थांबून, पावसाळा जाऊ देऊन मग खाली रंग द्यावा.

पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर फिरून दोन खुणा पाहा. थरावर हात फिरवल्यावर पांढरी भुकटी निघते का, आणि कठड्यालगत थर टोकाला उचलला गेला आहे का. भुकटी म्हणजे ऊन लागून वरचा अंश झिजला, एक हात वाढवा. उचललेला भाग कापून, स्वच्छ करून, जाळीसह पुन्हा घ्या. अ‍ॅक्रिलिक थर कायमचा नसतो, काही वर्षांनी वरचा हात लागतोच.

या सगळ्याने दोन घरं सुधारत नाहीत, आणि ती आधी ओळखावीत. एक, जिथे छताखालून काँक्रीटचे पापुद्रे पडून तांबड्या गंजलेल्या सळया दिसतात. तिथे डब्याचा विषय संपला, स्लॅबची ताकद तपासायला इंजिनिअर बोलवा. दोन, जिथे घर काळ्या मातीवर उथळ पायाने उभं आहे आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर वर कठड्यापर्यंत जाते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंत तिच्याबरोबर हलते. चिरेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा, पावसाळ्यानंतर आणि पुन्हा उन्हाळ्यात मोजा. अंतर बदलत असेल तर पायाच हलतो आहे. पाण्याचा निचरा घरापासून दूर नेल्याशिवाय आणि पायाकडे लक्ष दिल्याशिवाय त्या चिरेत पीयू घाला किंवा इपॉक्सी, ती शेजारून पुन्हा उघडेल.